पितरांसाठी चार ओळी

भाद्रपद वद्य प्रतिपदा उजाडली की पाटसच्या घराघरांत दोन याद्या तयार होऊ लागतात. पहिली बाजाराची असते. गवार, भेंडी, कारली, डांगर, अळूची पाने, खिरीचे तांदूळ आणि कढीसाठी ताक असे त्यात लिहिलेले असते. दुसरी यादी माणसांची. कोणाचे पितर कोणत्या दिवशी, त्या दिवशी भावकीतल्या कोणाला जेवायला सांगायचे, शिरूरला दिलेली बहीण कधी येणार आणि हडपसरला नोकरी करणाऱ्या मुलाला रजा मिळेल का, हे त्यात ठरते. गेल्या काही वर्षांत ही दुसरी यादी फोनवर आली आहे. घरातले कोणीतरी चार ओळी लिहून घराच्या ग्रुपवर टाकते. आज अमक्याचे पितर आहे, दुपारी जेवायला या, आणि सोबत एखादा फोटो. या संग्रहाचा विषय तेवढाच आहे. पितृपंधरवड्यात घरच्यांनी घरच्यांसाठी लिहिलेला छोटा स्मरणसंदेश.

पाटस हे दौंड तालुक्यातले, पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. रेल्वेचे स्थानक आहे, भीमा सहकारी साखर कारखाना आहे, शेजारी कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी वरवंडहून पाटसमार्गे रोटीचा घाट चढून बारामतीकडे जाते. शेती, कारखाना, रेल्वे आणि वारी या चारही वाटांनी इथली माणसे बाहेर जातात आणि सणावाराला परततात. अशा गावात पितरांचा निरोप धाडणे हे आधीपासूनच गरजेचे काम होते. निरोपाचे साधन बदलत गेले आणि साधनाबरोबर निरोपात काय लिहायचे तेही बदलले. तो बदल समजून घ्यायचा तर बरेच मागे जावे लागते.

मराठी मुलखात पूर्वजांची आठवण लिहून ठेवण्याची रीत फारशी नव्हती. ती घडवून किंवा कोरून ठेवण्याची होती. पुणे जिल्ह्यातल्या जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. अनेक मराठा आणि धनगर घरांच्या देवघरात चांदीचे टाक असतात आणि त्यांत देवांच्या बरोबरीने पितरांचा किंवा वीराचा टाकही असतो. त्यावरही नाव नसते. हा टाक कोणाचा, हे सासूने सुनेला सांगायचे. सांगायचे राहून गेले, की टाक उरतो आणि माणूस हरवतो. दौंड-शिरूर भागात आजही असे टाक पूजेत आहेत, ज्यांच्याकडे बोट दाखवून घरातली माणसे ‘कोणीतरी जुने’ एवढेच सांगू शकतात.

नाव जपण्याचे काम केले ते श्राद्धाच्या संकल्पाने. पितृपक्षातले श्राद्ध म्हणजे महालय. गावाकडे त्यालाच म्हाळ म्हणतात. यात ज्याचे श्राद्ध त्याचा उच्चार तीन गोष्टींनी होतो, नाते, नाव आणि गोत्र. गोत्र माहीत नसेल तर काश्यप सांगण्याची रीत आहे. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप, अशी तीन पिढ्यांची तीन रूपे. तसेच आई, आजी, पणजी. मग आईकडचे आजोबा आणि त्यांच्या आधीचे दोघे. महालयात एवढ्यावर थांबत नाहीत. पत्नी, मुलगा, मुलगी, चुलता, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरू, मित्र अशी लांबलचक नामावळी पुढे येते. एरवीच्या वार्षिक श्राद्धात ही सगळी मंडळी नसतात. वर्षातून एकदा, या पंधरवड्यात, अख्खे गणगोत नावाने हाक मारून बोलावले जाते. नाव ठाऊक नसेल तर काय करायचे याचीही सोय शास्त्राने केली आहे. वडिलांसाठी पृथिवीषद्, आजोबांसाठी अंतरिक्षसद् आणि पणजोबांसाठी दिविषद् असे पर्यायी उच्चार आहेत. माणसे नावे विसरतात, हे जुन्या ग्रंथकारांना ठाऊक होते.

या व्यवस्थेची एक मर्यादा मात्र नीट पाहायला हवी, कारण या संग्रहाचे मूळ तिथे आहे. संकल्पातल्या नावांना तीनच पायऱ्या आहेत. घरातला कर्ता गेला आणि त्याचे सपिंडीकरण झाले की तो पहिल्या पायरीवर येतो, त्याचे वडील दुसरीवर आणि आजोबा तिसरीवर सरकतात. जे आजवर तिसऱ्या पायरीवर होते ते नावाच्या उच्चारातून बाहेर पडतात आणि ‘समस्त पितर’ या एका शब्दात मिळून जातात. म्हणजे विधी जितका काटेकोर, तितकेच विस्मरणही काटेकोर. मराठी माणसाला खापरपणजोबांचे नाव सहसा सांगता येत नाही, त्यामागे आळसापेक्षा ही रचना अधिक आहे.

तिसऱ्या पायरीपलीकडची नावे घराबाहेरच्या माणसांनी सांभाळली. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनावानुसार यजमानांची नामावळी असते. कोण कधी आला, कोणासाठी आला, बरोबर कोण होते, हे त्यात लिहून पुढच्या पिढीची सही घेतली जाते. कोल्हापूर-सांगलीकडे आणि सीमाभागात हेळवी येतात. घरासमोर उभे राहून ते कुळाची नावे सांगतात, नवे जन्म लिहून घेतात आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जातात. याच्या दुसऱ्या टोकाला राजघराणे आहे. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत लिहवून बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर कोरून घेतला. ज्याच्या हाती राज्य होते त्याने भिंतभर लिहिले. पाटसच्या शेतकऱ्याच्या हाती भिंत नव्हती, पण पुढे त्याच्या हाती पोस्टकार्ड आले.

हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला एक. लिहिता येणारा एखादा मास्तर किंवा तलाठी गावात असला की पुरे. मरणाच्या बातमीचे कार्ड कोपरा फाडून पाठवत. ते हातात पडताच न वाचताही कळायचे. मजकूर ठरलेला असे. कोण गेले, केव्हा गेले, दशक्रिया कोठे आणि कोणत्या दिवशी, तरी आपण यावे. वाचून झाल्यावर असे कार्ड घरात ठेवत नसत, फाडून टाकत. त्यामुळे खेड्यातल्या माणसाच्या मृत्यूची जी एकमेव लेखी नोंद नातेवाइकांकडे गेली, तीही बहुधा नष्ट झाली.

पितृपक्षाचा निरोप कार्डाने फारसा गेला नाही. तो तोंडी जायचा, बाजारच्या दिवशी, एसटीच्या थांब्यावर, पाहुण्याच्या हाती. शहरात वर्तमानपत्रांनी पुण्यस्मरणाच्या छोट्या जाहिरातींची प्रथा रुजवली. तिथे जागा सेंटिमीटरवर विकत मिळायची, म्हणून फोटो, नाव, तारीख आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून घरच्यांची नावे एवढाच ऐवज बसे. पुढे फ्लेक्स आले आणि जागा स्वस्त झाली. मजकूर वाढला तो मात्र अभिवादन करणाऱ्यांच्या नावांचा. गेलेल्याविषयीची ओळ तेवढीच राहिली. आजच्या फोनवरच्या संदेशाने शब्द आणि मांडणी जाहिरात आणि फ्लेक्स या दोघांकडून उचलली आहे, आणि त्याची बरीचशी दुखणी तिथून आली आहेत.

या पंधरवड्याकडे पाहण्याच्या वाटा महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत, आणि प्रत्येक वाटेचा संदेश वेगळा लिहिला जातो. पहिली वाट धर्मशास्त्राची. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधू १६१२ चा, पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा धर्मसिंधू १७९० च्या सुमाराचा. आजचे पुरोहित तिथीचा वाद आला की अजून धर्मसिंधू उघडतात. या साऱ्या परंपरेचा इतिहास ज्यांना हवा, त्यांनी भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड पाहावा. १९५३ साली निघालेल्या त्या खंडात श्राद्धावर सविस्तर विवेचन आहे.

दुसरी वाट गावाची. इथे मंत्र नसला तरी चालतो, पान चुकलेले चालत नाही. दुपारी चुलीतले निखारे बाहेर काढून त्यांवर तूप आणि भाताचे घास टाकतात, ही आगारी. मग छपरावर किंवा हल्ली स्लॅबवर कावळ्यासाठी वाडी ठेवतात, गाईला घास देतात आणि पितर म्हणून जेवायला सांगितलेल्या माणसांना आधी वाढतात. ही माणसे बहुधा भावकीतली किंवा शेजारची, गेलेल्याच्या वयाला आणि नात्याला साजेशी असतात. बाई गेलेली असेल तर बाईला बसवतात. गावातल्या संदेशात म्हणूनच ‘श्राद्ध’ हा शब्द कमी दिसतो. ‘आज नानांचे पितर’ असे लिहितात आणि वेळ सांगतात.

तिसरी वाट वारकऱ्यांची. पैठणला एकनाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक गावकुसाबाहेरच्या भुकेल्यांना वाढला, ही कथा कीर्तनातून घरोघर पोचलेली आहे. पालखीच्या वाटेवरच्या पाटससारख्या गावात पुण्यस्मरणाला कीर्तन आणि अन्नदान ठेवणारी घरे बरीच. त्यांच्या संदेशात गेलेल्याच्या नावाआधी ‘वैकुंठवासी’ आणि ‘ह.भ.प.’ येते आणि कीर्तनकाराचे नाव असते. चौथी वाट सत्यशोधकांची. २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय संस्कार करण्याचा आग्रह धरला. त्या विचाराची घरे या पंधरवड्यात शाळेला पुस्तके देतात, वडिलांच्या नावाचे झाड लावतात. अनेकांनी रक्षाही नदीत न सोडता झाडाच्या मुळाशी घातलेली असते. बौद्ध घरांचा पितृपक्षाशी संबंध नाही. तिथे पुण्यानुमोदन असते आणि गेलेल्याच्या नावाआधी ‘कालकथित’ लिहितात. ती स्मरणाची स्वतंत्र परंपरा आहे, आणि तिच्या नेमक्या, साध्या भाषेकडून बाकीच्यांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आता प्रत्यक्ष संदेशाकडे. लिहिणाऱ्याला अडचण येते ती शब्दांआधी तिथीची. महालयाचा नियम ऐकायला सोपा आहे. माणूस कोणत्याही महिन्यात, कोणत्याही पक्षात गेला असला, तरी ज्या तिथीला गेला ती तिथी भाद्रपद वद्यात जेव्हा येईल तेव्हा त्याचे पितर. कालनिर्णय किंवा सोलापूरचे दाते पंचांग समोर असले की दिवस सापडतो. चूक होते ती मृत्यूची तिथी काढताना.

एक नमुना घेऊन पाहू. समजा, पाटसच्या एका घरातले कर्ते वडील ८ मे २०२१ रोजी पुण्याच्या इस्पितळात करोनाने गेले. घरच्यांनी त्या वर्षीचे कॅलेंडर काढले. ८ मेच्या चौकटीत द्वादशी होती. चैत्र वद्य द्वादशी. म्हणून २०२५ साली त्यांनी भाद्रपद वद्य द्वादशी, म्हणजे गुरुवार, १८ सप्टेंबर हा दिवस धरला आणि तसा संदेश ग्रुपवर गेला. थोरल्या मुलीने मात्र हरकत घेतली. तिचे म्हणणे, त्या दिवशी शनिप्रदोष होता, मग द्वादशी कशी? तिचे बरोबर होते. कॅलेंडरच्या चौकटीत छापलेली तिथी ही सूर्योदयाची असते. ८ मे २०२१ ला द्वादशी सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास संपली आणि त्रयोदशी लागली. मृत्यूच्या क्षणी जी तिथी चालू असेल ती धरायची असते. म्हणून वेळ शोधणे भाग पडले. मृत्यूच्या दाखल्यावर तारीख मिळाली, वेळ मिळाली ती इस्पितळाच्या कागदांत, रात्री साडेआठ. म्हणजे त्रयोदशी. पितर शुक्रवारी, १९ सप्टेंबरला.

याच घरातला धाकटा मुलगा समजा इंदूरला आहे. त्याच्या फोनमधले पंचांग ८ मे २०२१ ला चैत्र वद्य न दाखवता वैशाख कृष्ण दाखवते आणि पितृपक्षाला भाद्रपदाऐवजी आश्विन म्हणते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. वद्य पक्षात महिन्याचे नाव बदलते, तिथी तीच राहते. दोघेही बरोबर असतात, पण एकाने दुसऱ्याचा संदेश चुकीचा ठरवून वाद घातला की सकाळ वाया जाते. अमेरिकेतल्या भावाची अडचण आणखी वेगळी. तिथी बदलण्याचा क्षण जगभर एकच असतो, घड्याळातली तारीख वेगळी असते. त्यामुळे पाटस आणि न्यू जर्सी यांचे पितर एखाद्या वर्षी दोन वेगळ्या तारखांना येऊ शकतात. संदेशात तारखेबरोबर तिथी लिहिली की हे सारे टळते.

काही मृत्यूंना सरळ नियम लागू होत नाही. चतुर्दशीचा दिवस शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी राखलेला आहे, ती घातचतुर्दशी. नैसर्गिक मृत्यू चतुर्दशीला झाला असेल तर पितर अमावास्येला घालतात. महामार्गालगतच्या गावांना घातचतुर्दशी फार ओळखीची आहे. पौर्णिमेला गेलेल्यांसाठी वद्य पक्षात तिथीच नसते, म्हणून त्यांचे पितर द्वादशीला किंवा अमावास्येला घालतात. तिथी ठाऊकच नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच. शिरूर, आंबेगाव, जुन्नर भागात याच अमावास्येला भाद्रपदी बैलपोळाही असतो. सकाळी बैलांच्या शिंगांना रंग, दुपारी पितरांना पान आणि संध्याकाळी बैलांची मिरवणूक, असा तो दिवस जातो. त्या भागातल्या कित्येक संदेशांत आजोबांच्या नावाशेजारी त्यांच्या बैलांची नावे येतात, ती या योगामुळे.

दिवस ठरला की शब्द. संदेशात पाच गोष्टी असाव्यात, असे संपादकांचे मत आहे आणि ते पटण्यासारखे आहे. नाव, नाते, तिथी, गाव आणि एक खरी आठवण. पहिल्या चार संकल्पातून आल्या आहेत, पाचवी संकल्पात नव्हती. वरच्या नमुन्यातल्या घराने लिहायचे तर असे लिहिता येईल:

‘शुक्रवार, १९ सप्टेंबर, भाद्रपद वद्य त्रयोदशी. उद्या तात्यांचे पितर. त्यांच्यासोबत आजोबा, पणजोबा, आजी आणि पणजी यांनाही पान वाढायचे आहे. विहिरीवरच्या मोटरचा आवाज ऐकून पाणी किती उरले ते तात्या सांगायचे. दुपारी साडेबाराला पाटसच्या घरी जेवण आहे. मुलींनी, नातवंडांनी यावे.’

नात्यांच्या जागी पूर्ण नावे घातली की हा मजकूर पुरा होतो. यात गुणगान नाही. ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’, ‘आधारवड’ हे शब्द कोणालाही लागू पडतात आणि म्हणून कोणाचीच ओळख पटवत नाहीत. मोटरच्या आवाजाची ओळ एकाच माणसाची आहे. तात्यांना कधी न पाहिलेल्या पणतवालाही ती पुरेल. संदेश आदल्या संध्याकाळी जायला हवा, हेही ध्यानात ठेवावे. श्राद्धाची वेळ दुपारची असते, आणि सकाळी आठला संदेश वाचून शिरूरहून निघालेली मुलगी वाढायच्या वेळेला पोचत नाही.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे शब्द ताज्या मृत्यूचे आहेत; वीस वर्षांमागे गेलेल्या आजोबांच्या नावापुढे ते लागले की एखादा दूरचा नातेवाईक घाबरून फोन करतो, ‘काय झालं?’ तयार चित्रावर फक्त नाव बदलून पाठवताना खालच्या कोपऱ्यात दुसऱ्याच घराचे आडनाव राहून जाते. सगळ्यांत जड चूक म्हणजे गेलेल्यांच्या यादीत हयात माणसाचे नाव. मोठ्या भावकीत, दोन काकूंचे नाव एक असले की ही चूक सहज होते आणि ती वर्षानुवर्षे विसरली जात नाही. तिच्यावर उपाय एकच आहे. यादी पाठवण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायची. पूर्वी पुरोहितासमोर यजमान नावे उच्चारायचा तेव्हा शेजारी बसलेली आजी चूक दुरुस्त करायची. लिहिताना ती आजी शेजारी नसते.

बायकांच्या नावांबद्दल दोन शब्द अधिक लिहायला हवेत. अविधवा नवमीला, २०२५ साली १५ सप्टेंबरला, नवऱ्याआधी गेलेल्या स्त्रियांचे पितर असते. संदेशात अशा बाईच्या नावाआधी ‘कै. सौ.’ लिहितात, नवऱ्यामागे गेलेलीला ‘कै. गं. भा.’ म्हणतात. म्हणजे गेल्यावरही बाईची ओळख नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरून होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनाने इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. त्यानंतर काही घरांनी दोन्ही उपाध्या सोडून ‘कै. श्रीमती’ किंवा नुसते नाव लिहायला सुरुवात केली आहे. या संग्रहाचा कल उघडपणे त्या घरांकडे आहे, आणि तो योग्य आहे. याहून मोठा प्रश्न माहेरच्या नावाचा. लग्नात नाव बदललेल्या पणजीचे जन्माचे नाव बहुतेक घरांत कोणालाच माहीत नसते. महालयाच्या संकल्पात आईकडच्या पुरुषांना आणि आत्या, मावशी, बहिणीला जागा आहे. घरच्या संदेशात ती मिळत नाही. संदेश लिहिणारा बहुधा मुलगा असतो आणि त्याच्या यादीत वडिलांकडचीच माणसे येतात.

हा विषय आत्ताच संग्रहासाठी का घ्यावा, याची कारणे ठोस आहेत. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाने जी माणसे गेली, त्यांच्यापैकी अनेकांचे दहावे-बारावे नीट झाले नाही. भावकी जमली नाही, नदीवर जाता आले नाही. त्या घरांनी पुढच्या पितृपक्षात पहिल्यांदा सविस्तर लिहिले. शोक मोठा होता आणि जमायला बंदी होती, म्हणून लिहिणे झाले. दुसरे कारण सप्टेंबर २०२३ चे. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभर घराघरांत वंशावळ काढायला सुरुवात झाली. पणजोबांच्या पलीकडचे नाव हवे होते. जुने दस्तऐवज मोडीत, ते वाचणारे थोडे, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना तीन पायऱ्यांपुढचे आठवत नव्हते. संकल्पाची जी मर्यादा वर सांगितली, ती त्या वर्षी हजारो कुटुंबांना तहसील कचेरीच्या दारात उभे राहून कळली.

संदेश ही मर्यादा ओलांडू शकतो. तो लिहिलेला असतो, साठवता येतो, आणि चौथ्या पिढीला पायरीवरून उतरायला लावत नाही. पण फोन हरवला, ग्रुप बंद पडला, की तोही जातो. पोस्टकार्ड फाडून टाकले जायचे, संदेश पुसला जातो. जपानमध्ये घरात मृत्यू झालेले लोक वर्षअखेरीस नातेवाइकांना एक छापील कार्ड पाठवतात, यंदा आम्ही नववर्षाच्या शुभेच्छा पाठवणार नाही असे सांगणारे. त्यावर कोण गेले आणि केव्हा ते लिहिलेले असते. आपल्याकडे मरणाचा कागद घरात ठेवायचा नाही ही भीती अजून आहे. ती बाजूला ठेवल्याशिवाय हे लेखन टिकणार नाही.

या संग्रहाने ते करून पाहिले आहे. पाटस, दौंड आणि शिरूरच्या परिसरातल्या घरांकडून आलेले संदेश इथे आहेत; घरांची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. भाषा सुधारलेली नाही. ‘म्हाळ’ लिहिणाऱ्याचे ‘महालय’ केलेले नाही आणि ‘पितर’ लिहिणाऱ्याचे ‘श्राद्ध’ केलेले नाही. संदेशांची मांडणी जातीने किंवा गावाने केलेली नाही, ती तिथीने केली आहे, प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत. त्यामुळे मंत्र म्हणणारे घर आणि आगारी टाकणारे घर एकाच पानावर शेजारी येतात. सत्यशोधक आणि बौद्ध घरांचे स्मरणसंदेश तिथीत बसवण्याचा अट्टहास संपादकांनी केलेला नाही, त्यांना वेगळा विभाग दिला आहे. संग्रह श्राद्ध करावे की करू नये यावर मत देत नाही. त्याचा आग्रह एकच आहे. जे लिहाल ते नावानिशी आणि खरे लिहा.

एक उणीव नोंदवायला हवी. कामासाठी गाव बदलत राहणाऱ्या कुटुंबांचे, विशेषतः हंगामात कारखान्यावर येणाऱ्या ऊसतोड मजुरांचे संदेश इथे जवळपास नाहीत. ती माणसे पाटसला दसऱ्यानंतर येतात, पितृपंधरवडा त्यांच्या मूळ गावी होतो. पुढच्या आवृत्तीत बीड-अहिल्यानगरकडच्या त्या गावांपर्यंत पोचायला हवे.

वाचकांना विनंती अशी की हे पुस्तक वाचून झाल्यावर शेवटी सोडलेली कोरी पाने भरावीत. वडिलांकडच्या तीन आणि आईकडच्या तीन पिढ्यांची नावे, पणजीचे माहेरचे नाव, मृत्यूची तारीख, वेळ आणि तिथी तिथे लिहावी, आणि घरातल्या थोरल्या माणसाकडून एकदा तपासून घ्यावी. पुढचा पितृपंधरवडा २७ सप्टेंबर २०२६ ला सुरू होतो आणि सर्वपित्री अमावास्या १० ऑक्टोबरला आहे.